नेनू: माझ्या पहिल्या तेलुगू अर्जाची गोष्ट

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. तेलुगू शब्द देवनागरीत दिले आहेत. तेलुगूत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. ऱ्हस्व ए-ओसाठी इथे ऎ, ऒ आणि मॆ, मॊ अशी अक्षरं वापरली आहेत.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू तिकडे जाऊन आयुष्यभर तेलुगू शिकवलंस, त्याबद्दल काहीतरी सांग." आयुष्यभराचं सांगत बसले तर जेवणं थंड होतील. म्हणून मी फक्त एका अर्जाबद्दल बोलणार आहे. तो सहा ओळींचा होता, मी लिहिलेला होता, आणि त्यात शुद्धलेखनाच्या वीसहून अधिक चुका होत्या. त्यातल्या बहुतेक चुका मी आपल्या शाळेतले नियम पाळल्यामुळे झाल्या होत्या. आपले मराठीचे सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून ही तक्रार त्यांच्यासमोरच मांडते.

तुम्हाला आठवतं ना, सर फळ्याच्या कोपऱ्यात दोन नियम कायमचे लिहून ठेवायचे. पहिला, शब्दाच्या शेवटचा इकार आणि उकार दीर्घ: कवी, गुरू, पाटी, लाडू. दुसरा, शेवट दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व: विळी, पिसू, हुतुतू. चूक झाली की तो शब्द दहा वेळा लिहायचा. मी 'हुतुतू' इतक्या वेळा लिहिलाय की तेवढ्या वेळा तो खेळलेही नसेन.

बारावीनंतर, १९८३ साली, मी धर्माबादहून निजामाबादला मामांकडे गेले आणि तिथल्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. अंतर कितीसं? गाडीत बसलं की बासरला गोदावरी ओलांडायची आणि थोड्या वेळात उतरायचं. पण नदीच्या पलीकडे पाट्यांची लिपी बदलते. बोलणं मला लवकर जमलं, कारण आपल्या गावात बाजाराच्या दिवशी तेलुगू कानावर पडायचंच आणि मामांच्या शेजारी सगळी तेलुगू घरं होती. लिपी मात्र मी स्वतःच शिकले, पहिलीचं वाचनाचं पुस्तक समोर ठेवून. वहीत आपली बाराखडी लिहायची आणि प्रत्येक अक्षराखाली तेलुगू अक्षर बसवायचं, अशी माझी पद्धत.

तिथेच पहिली गफलत झाली. तेलुगू बाराखडीला 'गुणिंतं' म्हणतात. तिच्यात आपल्यापेक्षा दोन घरं जास्त आहेत. आपल्याकडे 'के' एकच. त्यांच्याकडे कॆ आणि के, कॊ आणि को अशा जोड्या. मला वाटलं, एकाच अक्षराची ही दोन वळणं असतील, जे लिहायला सोपं ते घ्यावं. मी एक उचललं आणि दुसरं सोडून दिलं. दुर्दैवानं मी उचललेलं दीर्घ होतं.

त्या वर्षी पावसाळ्यात आई गावातल्या देवळातून येताना घसरून पडली. मानेला मार लागला. निरोप आला तशी मी धर्माबादला आले, तीन दिवस राहिले आणि परत गेले. गैरहजेरीचा अर्ज प्राचार्यांना द्यायचा होता. मामा म्हणाले, "इंग्रजीत लिही." मी म्हटलं, नाही, मी तेलुगूत लिहिणार. सहा महिन्यांत लिपी शिकले होते, कुणाला तरी दाखवायची होतीच.

मला माहीत नव्हतं ते एवढंच की नेमक्या त्याच तीन दिवसांत कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला होता. परत आले तेव्हा नोटीस लागली होती: बहिष्कारात सामील झालेल्यांनी पालकांना घेऊन यावं, नाहीतर त्यांची हजेरी धरली जाणार नाही. हजेरी कमी पडली की परीक्षेला बसता येत नाही. आणि मामांनी तर मला घेताना आईला शब्द दिला होता की मुलीबद्दल एकही तक्रार येणार नाही.

मी दिलेला अर्ज असा होता. जसा लिहिला तसाच वाचून दाखवते:

गौरवनीयुलैन प्रिन्सिपाल् गारिकी,
नेनू बी.ए. मोदटी संवत्सरं चदुवुतुनानू.
मा अम्म गुड्डी नुंची वस्तू जारी पडिंदी.
मेडकू देब्ब तगिलिंदी.
नेनू मुडू रोजुलू कळाशालकू रालेदू.
सेलवू इव्ववलसिंदिगा कोरुतुनानू.

माझ्या मनात होतं ते असं: माननीय प्राचार्यांना. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकते आहे. माझी आई देवळातून येताना घसरून पडली. मानेला मार लागला. मी तीन दिवस कॉलेजात आले नाही. रजा द्यावी अशी विनंती करते.

दुसऱ्या दिवशी शिपाई वर्गात आला आणि मला बोलावून घेऊन गेला. टेबलावर बहिष्कारवाल्यांच्या माफीनाम्यांचा गठ्ठा होता आणि त्यात सगळ्यात वर माझा अर्ज. प्राचार्यांनी 'नेनू' या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "एम्मा, नेनू अंटे? इंका ऎवरॆवरु?" म्हणजे, "काय गं बाई, 'मीही' म्हणजे? आणखी कोण कोण?"

मला काही कळेना. मी म्हणत होते "मी", आणि ते विचारत होते "मीही" का म्हणतेस.

झालं होतं ते असं. मराठीत 'सुद्धा' सांगायला आपण 'ही' जोडतो: मीही, तोही, आईही. तेलुगूत असं वेगळं अक्षर जोडावं लागत नाही, शब्दाचा शेवटचा स्वर लांबवला की 'ही' झाला. नेनु म्हणजे मी. नेनू म्हणजे मीही. नुव्वु म्हणजे तू, आणि 'नुव्वू नेनू' म्हणजे तू आणि मी. अम्म, नान्न म्हणजे आई, बाबा, आणि 'अम्मा नान्ना' म्हणजे आई आणि बाबा. तेलुगूतले असंख्य शब्द उकारात संपतात आणि तो उकार साधेपणी ऱ्हस्वच असतो. तो दीर्घ दिसला की वाचणारा समजतो, लिहिणाऱ्याला काहीतरी जास्तीचं सांगायचंय.

आता सरांचा पहिला नियम लावून मी प्रत्येक शब्दाचा शेवट दीर्घ केला होता. त्यामुळे अर्जाचा सूर कसा झाला बघा. 'गारिकि' म्हणजे प्राचार्यांना, 'गारिकी' म्हणजे प्राचार्यांनाही, जणू हीच प्रत मी आणखी दहा जणांना पाठवली आहे. 'मूडु रोजुलु' म्हणजे तीन दिवस, पण 'रोजुलू' केलं की तिन्ही दिवस. 'कळाशालकु' म्हणजे कॉलेजला, 'कळाशालकू' म्हणजे कॉलेजलाही. सगळं जोडून प्राचार्यांनी वाचलं ते असं: "मीही तिन्ही दिवस कॉलेजलाही आले नाही." ज्या आठवड्यात तीनच दिवस बहिष्कार झाला, त्या आठवड्यात हे वाक्य कबुलीजबाबासारखं वाचलं गेलं नसतं तर नवल.

आणि 'तीन' हा शब्दही मी धड ठेवला नव्हता. तेलुगूत तो 'मूडु', आधी दीर्घ, मग ऱ्हस्व. मी सरांचे दोन्ही नियम लावले, शेवट दीर्घ आणि त्याच्या आधीचा ऱ्हस्व, आणि तो 'मुडू' केला. तीन अक्षरांच्या 'हुतुतू'साठी जे बरोबर होतं त्यानं दोन अक्षरांच्या शब्दात दोन चुका केल्या.

मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात तेलुगूचे मास्टर कशासाठी तरी आत आले. त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कागद बाजूला ठेव. काय लिहायचं होतं ते तोंडानं सांग." मी सांगितलं. त्यांनी परत एकदा सांगायला लावलं. मग ते प्राचार्यांना म्हणाले, "ही 'नेनु'च म्हणते आहे, सार्. कान तेलुगू आहे, हात मराठी आहे."

ही तपासणी मी पुढे तीस वर्षं वापरली. जो बोलतानाही 'नेनू' म्हणतो त्याला शब्दच ऐकू आलेला नसतो. जो बोलतो बरोबर आणि लिहितो चुकीचं, त्याचा हात दुसऱ्या कुठल्यातरी नियमानं चाललेला असतो. दोघांना एकच औषध चालत नाही. माझ्या बाबतीत कान शाबूत होता, म्हणून मास्टरांनी मला नियम सांगितले नाहीत. स्वतः लिहिलेलं, जसं लिहिलंय तसंच, मोठ्यानं वाचायला लावलं. "ने-नू. असं म्हणतेस का तू?" "नाही." "मग लिहितेस कशाला?"

मराठीत हा उपाय फारसा चालला नसता. 'कवी' आपण शेवट दीर्घ लिहितो आणि 'कविता'त तोच वि ऱ्हस्व लिहितो, पण त्यासाठी कुणी कान टवकारत नाही. आपला ऱ्हस्व-दीर्घ बराचसा नियमानं ठरतो, आणि तो चुकला तर गुण जातात, अर्थ क्वचितच जातो. तेलुगूत ऱ्हस्व एक मात्रा, दीर्घ दोन, आणि ते ऐकू येतं. जे ऐकू येतं तेच लिहायचं.

मग मास्टर मानेकडे वळले. 'मॆड' म्हणजे मान. 'मेड' म्हणजे माडी, मजल्याचं मोठं घर. मी बाराखडीतलं ते घर सोडून दिलं होतं ना, त्याची वसुली इथे झाली. "मेडकू देब्ब तगिलिंदी", म्हणजे माझी आई पडली आणि माडीलाही मार लागला! प्राचार्य पहिल्यांदा हसले. तसंच 'नॆल' म्हणजे महिना आणि 'नेल' म्हणजे जमीन. दोन महिन्यांची शिष्यवृत्ती मागायला गेलेला माणूस दोन जमिनी मागून येऊ शकतो. सगळीकडे असं होत नाही. 'सॆलवु' म्हणजे रजा, मी 'सेलवू' लिहिलं, तर त्याचा दुसरा काही अर्थ होत नाही, नुसतं वेडंवाकडं दिसतं. पण कुठे अर्थ बदलेल आणि कुठे नाही हे नवशिक्याला आधी कळत नाही.

राहिली जोडाक्षरं. तेच व्यंजन दोनदा आलं तर तेलुगूत त्याला 'द्वित्वाक्षरं' म्हणतात. अम्म, अक्क, अन्न, नान्न: घरातली जवळची माणसंच द्वित्वाची आहेत. मराठीतही आपण 'पक्का' आणि 'पका' यांत फरक करतोच, म्हणजे कानाला हे नवं नव्हतं. अडचण लिहिण्याची होती. मराठीत पहिलं अक्षर अर्धं करतो आणि दुसरं पूर्ण लिहितो. तेलुगूत पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं त्याच्या खाली लटकतं. त्या लटकणाऱ्या खुणेला 'ऒत्तु' म्हणतात. बऱ्याच अक्षरांचा ऒत्तु त्या अक्षरासारखाच दिसतो, फक्त डोक्यावरचा 'तलकट्टु' नसतो. पण त, न, म, य, र, ल यांचे ऒत्तु मूळ अक्षरापेक्षा निराळे दिसतात, ते वेगळे पाठ करावे लागतात. मी न खालची ती खूण छपाईतली नक्षी समजले होते.

त्यात आणखी एक खोच आहे. 'न्ना' लिहायचं तर आ ची खूण वरच्या न ला लागते आणि दुसरा न खाली. म्हणजे डोळ्याला वाटतं 'ना' आणि खाली काहीतरी. वाचताना मात्र दोन्ही न आधी आणि आ शेवटी. मी वरचं वाचलं, खालचं सोडलं. म्हणून 'चदुवुतुन्नानु'चं 'चदुवुतुनानू' झालं. मास्टर म्हणाले, "असा शब्दच नाही. आणि वाचणाऱ्यानं तो सुधारून घ्यायचा म्हटलं तर 'चदुवुतानु' असाही घेता येईल." चदुवुतुन्नानु म्हणजे शिकते आहे. चदुवुतानु म्हणजे शिकेन. वर्गात बसलेली मुलगी प्राचार्यांना कळवते आहे की मी पुढे केव्हातरी शिकेन!

उलट जिथे द्वित्व नको तिथे मी दिलं होतं. तेलुगूत सगळीकडे द्वित्व ऐकून ऐकून मला वाटायला लागलं होतं की शंका आली की एक ऒत्तु लावून टाकावा. 'गुडि' म्हणजे देऊळ. 'गुड्डि' म्हणजे आंधळी. माझी आई आंधळ्यातून येताना घसरली होती.

त्या दिवशी मास्टरांनी मला तीन शब्द टेबलावर बोटानं वाजवून दाखवले. गुडि, गूडु, गुड्डु. देऊळ, घरटं, अंडं. गुडि: एक, एक. गूडु: दोन, एक. गुड्डु: हेही दोन, एक, कारण द्वित्वाच्या आधीचं अक्षर जड होतं. म्हणजे घरटं आणि अंडं वजनाला सारखीच. मग फरक कशात? 'गूडु' म्हणताना वेळ स्वरात जातो, तोंड उघडं राहतं. 'गुड्डु' म्हणताना वेळ व्यंजनात जातो, जीभ टाळूला टेकून क्षणभर थांबते. "वेळ कुठे गेला ते जिभेला विचार," ते म्हणाले. "उघड्यावर गेला तर दीर्घ लिही, अडून राहिला तर ऒत्तु लिही." इतकी उपयोगी गोष्ट मला नंतर कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात इतक्या थोडक्यात मिळाली नाही.

मग मी तिथेच बसून अर्ज पुन्हा लिहिला:

गौरवनीयुलैन प्रिन्सिपाल् गारिकि,
नेनु बी.ए. मॊदटि संवत्सरं चदुवुतुन्नानु.
मा अम्म गुडि नुंचि वस्तू जारि पडिंदि.
मॆडकु दॆब्ब तगिलिंदि.
नेनु मूडु रोजुलु कळाशालकु रालेदु.
सॆलवु इव्ववलसिंदिगा कोरुतुन्नानु.

नीट पाहिलंत तर एक शब्द दोन्ही अर्जांत सारखाच आहे: 'वस्तू', येता येता. तिथे शेवटचा ऊ दीर्घच लागतो, कारण क्रिया चालू असल्याचं तोच सांगतो. सहा ओळींत माझा तेवढाच दीर्घ ऊ योग्य जागी पडला होता, आणि तोही सरांच्या नियमामुळे. म्हणून तक्रार अर्धी मागे घेते.

अर्ज मंजूर झाला. माझा कागद गठ्ठ्यातून काढून वेगळा ठेवला गेला. मामांना ही गोष्ट मी आठ वर्षांनी सांगितली.

पुढे मी तेलुगू शिकवायला लागले तेव्हा असे अर्ज माझ्याकडे यायला लागले, आणि ते जन्मानं तेलुगू असलेल्या मुलांचे. त्यांचे घोळ वेगळे असतात. त्यांना गुडि-गुड्डितला फरक कुणी सांगावा लागत नाही. घाईत त्यांची खूण गळते, नाहीतर चुकीच्या जागी पडते. एका मुलानं लिहिलं होतं की वडिलांच्या पायांचं ऑपरेशन आहे. सोबत दाखला होता तो डोळ्यांच्या दवाखान्याचा. कार्यालयातले म्हणाले, खोटारडा आहे, दुसऱ्या कुणाचा दाखला जोडलाय. मी त्याला बोलावलं. कागद हातात न देता विचारलं, "कसलं ऑपरेशन?" तो म्हणाला, "कळ्ळ ऑपरेशन." कळ्ळु म्हणजे डोळे. काळ्ळु म्हणजे पाय. क च्या डोक्यावरची रेघ लांबली होती आणि तिचा दीर्घ झाला होता, एवढंच.

मात्र प्रत्येक फरक म्हणजे चूक असंही नाही. हाच 'कळ्ळु' शब्द कुणी ळ खाली ळ लिहून छापतात, कुणी ळ खाली ल. दोन्ही चांगल्या पुस्तकांत सापडतात आणि दोन्ही वाचताना अर्थ एकच राहतो. तिथे मी कधी लाल शाई वापरली नाही. जिथे वेळ चुकतो, मात्रा चुकते, तिथेच वापरली.

शेवटी सरांना एकच विचारायचं आहे. सर, या भाषेचं नाव तिच्या लोकांच्या तोंडी 'तॆलुगु' आहे, ए ऱ्हस्व आणि शेवटचा उही ऱ्हस्व. आपण मराठीत 'तेलुगू' लिहितो. स्मरणिकेच्या संपादकांनी मला विचारलं, कुठलं ठेवू? मी म्हटलं, स्मरणिका मराठी आहे, शेवट दीर्घ ठेवा. नाहीतर सर दहा वेळा लिहायला लावतील.